21 पिक्सेलांची पुसट आणि एक भागाकार

औषधांची खोकी पट्ट्यावरून सरकत होती आणि कॅमेऱ्याला त्यांच्यावरचा बॅच नंबर वाचता येत नव्हता. 3 आणि 8 यांतला फरक कळत नाही, ही तक्रार. दिव्याचा उजेड कमी म्हणून बसवणाऱ्याने एक्सपोजर 4.2 मिलिसेकंदांवर नेऊन ठेवलं होतं. पट्ट्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. म्हणजे शटर उघडं असताना खोकं 2.1 मिलिमीटर पुढे जाई. आमच्या लेन्सला एक पिक्सेल म्हणजे 0.1 मिलिमीटर, त्यामुळे प्रत्येक बिंदू आडवा 21 पिक्सेल फासला जात होता. उभ्या दिशेला काही नाही. 3 आणि 8 मधला फरक डाव्या बाजूच्या उभ्या रेघांत असतो, आणि आडव्या हालचालीने नेमक्या त्याच पुसल्या जातात.

इतकी ओळखीची पुसट क्वचित हाती येते. सरकण्याचा वेग एकसारखा, दिशा ठरलेली, लांबी माहीत. कागदावरचं गणितही सोपं: फूरिए रूपांतरात पुसट हा साधा गुणाकार होतो. पुसटीचं फूरिए रूपांतर म्हणजे H; मूळ चित्राच्या प्रत्येक वारंवारतेला त्या H ने गुणलं की पुसट चित्र मिळतं, तर मग H ने भागून मूळ परत मिळायला हवं.

आधी लांबीची खातरजमा केली. 21 पिक्सेलांच्या सलग फासण्याचं H दर 1/21 वारंवारतेला शून्याला टेकतं. आमच्या ओळीची रुंदी 1280 पिक्सेल, म्हणजे वर्णपटात दर 61 घरांच्या आसपास काळी उभी पट्टी दिसायला हवी. चित्राच्या वर्णपटाचा लॉग काढून पाहिला, तर 61, 122, 183 या जागी पट्ट्या होत्याच. पट्ट्यांमधलं अंतर 58 आलं असतं, तर लांबी 22 धरावी लागली असती. स्पीडोमीटरच्या आकड्यापेक्षा माझा या पट्ट्यांवर जास्त विश्वास.

मग भागाकार. खऱ्या चित्राला हात लावण्याआधी एका स्वच्छ चित्राला आम्ही संगणकातच 21 पिक्सेलांची पुसट दिली आणि लगेच भागून पाहिलं. मूळ चित्र तंतोतंत परत आलं. पुढच्या खेपेला फक्त एक गोष्ट बदलली: पुसट चित्र 8-बिट पीएनजी म्हणून साठवलं, परत उघडलं आणि मग भागलं. पडद्यावर नुसता कचरा. कॅमेरा नव्हता, दिवा नव्हता. आकडे पूर्णांकाला आणताना झालेली, साधारण 0.29 करड्या पातळीची चूक तेवढी होती.

याचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. 61 व्या घरात H ची किंमत सुमारे 0.00078 आहे. त्या घरातला खरा मजकूर पुसटीने आधीच तितका बारीक झालेला असतो, पण नॉइज पुसटीनंतर मिसळतो, त्यामुळे तो बारीक झालेला नसतो. भागताना दोघांनाही 1280 ने गुणलं जातं: मजकूर मूळ उंचीवर येतो आणि नॉइज 1280 पट होतो. सगळ्या घरांची वर्ग-सरासरी काढली तर नॉइजची एकूण वाढ 160 पट भरते. 0.29 गुणिले 160 म्हणजे 46 पातळ्या. आमच्या कॅमेऱ्याचा नॉइज मोजून 2 पातळ्या आला होता (करड्या कार्डाचे दोन फोटो, त्यांची वजाबाकी, प्रमाण विचलनाला √2 ने भागायचं). त्याचे होतात 320, आणि सगळी पट्टीच मुळी 255 ची.

तो कचरा जवळून पाहिला तर त्यातही शिस्त दिसते. प्रत्येक ओळीत एक ठिपक्यांची नक्षी दर 21 पिक्सेलांनी जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा येते, आणि खालच्या ओळीत नक्षी वेगळीच. असं दिसलं की नॉइज H च्या शून्यांजवळून आला हे ओळखावं. लांबी 20 असती तर आणखी गंमत: 1280 ला 20 ने पूर्ण भाग जातो, शून्यं नेमकी घरांवर बसतात, आणि तिथे परत आणायला काही उरलेलंच नसतं.

म्हणून भागाकाराला आवर घालायचा, म्हणजेच रेग्युलरायझेशन. वीनर पद्धतीत H ने सरळ न भागता असं करतात, इथे g म्हणजे पुसट चित्र आणि f म्हणजे परत मिळालेलं:

```python
h = np.zeros(1280); h[:21] = 1/21
H = np.fft.fft(np.roll(h, -10))
m = g.mean()
G = np.fft.fft(g - m, axis=1)
K = 0.01
F = np.conj(H) * G / (np.abs(H)**2 + K)
f = np.fft.ifft(F, axis=1).real + m
```

H मोठा असेल तिथे K नगण्य ठरतो आणि हा नेहमीचाच भागाकार राहतो. H बारीक झाला की छेदात K उरतो आणि उत्तर शून्याकडे जातं. 61 व्या घरात 1280 पटीऐवजी आता 0.08 पट. कुठल्याही घरात वाढ 1/(2√K) च्या वर जात नाही, K 0.01 असेल तर पाच पट. सरासरी आधी वजा केली नाही तर चित्र एक टक्का काळवंडतं. `np.roll` विसरलात तर चित्र दहा पिक्सेल सरकतं.

K म्हणजे खरं तर नॉइजची शक्ती भागिले चित्राची शक्ती. नॉइज 2, चित्राचं विचलन 45, म्हणून 4/2025, सुमारे 0.002. पण चित्राची शक्ती खालच्या वारंवारतांत दाटलेली असते आणि नॉइज सगळीकडे सारखा, त्यामुळे वरच्या टोकाला हा K फार लहान पडतो. तिथे वाढ अकरा पटीपर्यंत जाऊन अक्षरांवर वाळू पसरली. 0.01 ला वाळू बसली. याची किंमत मोजावी लागते: अक्षराची रेघ चार पिक्सेल जाड, तिच्या मुख्य वारंवारतेचा 57 टक्के भाग परत मिळाला, तर अगदी बारीक तपशिलाचा जेमतेम 18 टक्के.

खऱ्या फोटोत आणखी एक अडचण आली. फूरिए रूपांतर ओळीचं उजवं टोक डाव्या टोकाला जोडलेलं धरतं, पण कॅमेऱ्याच्या कडेला जी पुसट आली ती चौकटीबाहेरच्या वस्तूची असते. टोकं जुळत नाहीत आणि कडांपासून आत लाटा उठतात. दोन्ही कडांच्या 42 पिक्सेलांत चित्र हळूहळू त्याच्याच गोल फिरवून पुसट केलेल्या प्रतीत मिसळलं, तेव्हा त्या थांबल्या. जळून पांढऱ्या झालेल्या जागांना मात्र उपाय नाही, तिथे गुणाकाराचं नातंच तुटलेलं असतं.

नंबर माणसाला वाचता आला. यंत्राला वाचायला देऊ नका, असंच मी लिहून दिलं, कारण शून्यांपाशी गेलेल्या दहा पट्ट्या रेघेच्या दोन्ही बाजूंना 21 पिक्सेलांवर फिकी सावली सोडतात. इथे दोन अक्षरांमधलं अंतरही 2 मिलिमीटरच्या आसपास होतं, म्हणजे शेजारच्या अंकाची सावली 3 च्या डाव्या बाजूला पडून त्याचा 8 करू शकते. K कितीही फिरवला तरी ही सावली जात नाही.

ही शून्यं शटर सलग उघडं राहिल्यामुळे येतात. मूळचे नाशिकचे रमेश रास्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये शटर एकाच एक्सपोजरमध्ये 52 भागांच्या ठरीव क्रमाने उघडझाप करून दाखवलं. तशा पुसटीचं H कुठेच शून्याजवळ जात नाही, भागाकार सुसह्य होतो. पट्ट्यावर त्याहून स्वस्त उपाय होता: 0.2 मिलिसेकंदांचा एलईडी स्ट्रोब. तेवढ्या वेळात खोकं एकच पिक्सेल सरकतं.