आमची वाटचाल : मंगळवारी शुक्रवारचा भाव

२०१९ साली मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी मिळून काम सुरू केलं तेव्हा ऑफिस म्हणजे आमच्या घराचा माळा होता. काम साधं: ट्रेडर आपला नियम सांगणार, आम्ही तो पायथनमध्ये लिहून जुन्या डेटावर चालवून दाखवणार, आणि पटला तर रोज संध्याकाळी एक्सचेंजची दिवसभराच्या भावांची फाइल, म्हणजे भावकॉपी, आल्यावर त्याचा सिग्नल काढून देणार. काय घ्यावं, काय विकावं हे आम्ही कधी सांगितलं नाही. नियम त्याचा, कोड आमचा.

आमच्याकडे येणारे निम्मे नियम एकाच साच्यातले असतात. आठवड्याचा कल वर असेल तरच दिवसाच्या चार्टवर पडझडीत खरेदी. एका जुन्या ग्राहकाचा नियम तर अगदी दोन ओळींचा होता. निफ्टीचा साप्ताहिक बंद भाव आधीच्या आठवड्याच्या बंद भावापेक्षा वर असला पाहिजे, आणि दिवसाचा बंद भाव २० दिवसांच्या सरासरीच्या खाली आला पाहिजे. दोन्ही जुळलं की दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्डर. जुन्या डेटावरच्या चाचणीचा, म्हणजे बॅकटेस्टचा, आलेख इतका सुरेख आला की आम्ही तो छापून भिंतीवर लावला होता.

जून २०२४ मध्ये त्यांचा फोन आला. "अहो, तुमचा रिपोर्ट म्हणतो चार तारखेला खरेदीचा सिग्नल होता. मला त्या संध्याकाळी तुमच्याकडून काहीच आलं नाही."

तो आठवडा लोकसभेच्या निकालाचा. ३१ मेच्या शुक्रवारी निफ्टी २२,५३०वर बंद झाला होता. एक्झिट पोलनंतर सोमवारी, ३ जूनला, २३,२६४. मंगळवारी मतमोजणी, आणि जवळजवळ सहा टक्के आपटून २१,८८४. बुधवारी २२,६२०, आणि शुक्रवारी ७ जूनला थेट २३,२९०. म्हणजे आठवडा संपला तो आधीच्या आठवड्याच्या वर. पण हे शुक्रवारी कळलं. मंगळवारी संध्याकाळी हाताशी असलेला शेवटचा पूर्ण आठवडा ३१ मेचा, आणि तो २४ मेच्या २२,९५७च्या खाली बंद झाला होता. कल खाली, खरेदी नाही. आमच्या बॅकटेस्टने मात्र मंगळवारच्या ओळीत शुक्रवारचा भाव वाचून खरेदी केली होती, आणि तीही नेमकी तळाच्या आसपास. सुरेख आलेख असा तयार झाला होता.

दोष या दोन ओळींत होता:

```python
wk = d.index.to_period('W-FRI')
d['w_close'] = d.groupby(wk)['close'].transform('last')
```

`transform('last')` आठवड्यातला शेवटचा भाव घेतो आणि त्या आठवड्याच्या प्रत्येक दिवसासमोर लिहितो, सोमवारसमोरसुद्धा. एरर येत नाही, रकाना कुठे रिकामा राहत नाही, चार्ट काढला तरी डोळ्याला खटकत नाही. आणि रोज संध्याकाळी लाइव्ह चालवताना डेटा त्या दिवशीच संपत असल्यामुळे तोच कोड वेगळं उत्तर देतो. म्हणून मंगळवारी ग्राहकाला काही गेलं नाही, आणि पुढच्या सोमवारच्या रिपोर्टात मात्र सिग्नल उगवला. आलेख त्याच दिवशी भिंतीवरून काढला.

सगळ्यात सोपी दुरुस्ती म्हणजे साप्ताहिक भाव दिवसांसमोर लिहिण्याआधी एक आठवडा पुढे सरकवणं, `shift(1)`, म्हणजे चालू आठवड्यासमोर आधीच्या आठवड्याचा भाव. त्यात पुढचा भाव मागे गळत नाही. पण शुक्रवारी साडेतीनला बाजार बंद झाल्यावर त्या आठवड्याची कॅंडल पूर्ण झालेली असते, आम्ही निर्णय त्यानंतर घेतो आणि ऑर्डर सोमवारी सकाळी जाते. मग सोमवारच्या ऑर्डरसाठी आठवडाभर शिळा भाव का वापरायचा? म्हणून आम्ही प्रत्येक आठवड्यावर त्यातल्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवसाची तारीख टाकली आणि त्या तारखेपासून तो पुढे ओढला. निर्णय बाजार चालू असताना घेणाऱ्यानं मात्र `shift(1)`च ठेवावा; शुक्रवारी दुपारी दोनला शुक्रवारचा बंद भाव कुणाकडेच नसतो.

मावसभावाला हे पटलं, आणि इथेच आम्ही दुसऱ्यांदा घसरलो. 'शेवटचा दिवस' आम्ही डेटामधूनच काढत होतो. जुन्या आठवड्यांना ते बरोबर. चालू आठवड्यात, मंगळवारी संध्याकाळी, डेटामधला शेवटचा दिवस मंगळवारच. कोडनं अर्ध्या आठवड्यावर 'पूर्ण'चा शिक्का मारला आणि तेच भाव सिग्नलमध्ये ढकलले. म्हणजे बॅकटेस्ट स्वच्छ, लाइव्ह गळकं. निकालाच्या आठवड्यावर ते चालवलं तर उत्तर सोमवारी 'वर', मंगळवारी 'खाली', बुधवारी पुन्हा 'वर' असं नाचतं.

हे ज्या तपासणीत सापडलं तिला आम्ही कात्री म्हणतो. एखादी तारीख घ्यायची, त्या दिवसानंतरचा सगळा डेटा कापून टाकायचा, सिग्नल काढायचा आणि शेवटची ओळ पूर्ण डेटावर काढलेल्या त्याच तारखेच्या ओळीशी ताडून पाहायची. असं प्रत्येक तारखेला. एकही ओळ वेगळी निघाली तर कुठेतरी पुढचा दिवस मागे झिरपतोय, किंवा अर्धवट आठवडा पूर्ण म्हणून धरला जातोय. हे दोन्ही दोष त्यात पकडले जातात, आणि फरक आठवड्याच्या पहिल्या चार दिवसांत दिसला व शेवटच्या दिवशी नाहीसा झाला की दोषी साप्ताहिक रकाना आहे हेही कळतं. आता कात्रीतून पार झाल्याशिवाय आमच्याकडून कोणताही रिपोर्ट बाहेर जात नाही. वेळ लागतो, लॅपटॉप तापतो.

आज कोड असा आहे. आठवडा कधी संपतो हे डेटा सांगत नाही, एक्सचेंजच्या सुट्ट्यांची यादी सांगते:

```python
wk = d.index.to_period('W-SUN')
w = d.groupby(wk)['close'].last()
up = w > w.shift(1)
up.index = pd.DatetimeIndex(week_end.loc[up.index])
d['w_up'] = up.reindex(d.index).ffill()
```

`week_end`मध्ये प्रत्येक आठवड्याचा शेवटचा व्यवहाराचा दिवस आधीच लिहिलेला असतो. मंगळवारी चालू आठवड्यावर शुक्रवारची तारीख पडते, ती डेटात नसते, आणि अर्धा आठवडा आपोआप गळून पडतो. २९ मार्च २०२४ला गुड फ्रायडे होता. यादीमुळे तो आठवडा गुरुवारी संध्याकाळी पूर्ण धरला जातो. आधीच्या 'W-FRI'मध्ये शनिवार पुढच्या आठवड्यात जात होता, आणि २० जानेवारी २०२४च्या शनिवारी तर बाजार पूर्ण वेळ चालला, सोमवारच्या सुट्टीमुळे ऐनवेळी ठरलेला. म्हणून आठवडा रविवारी संपणारा केला. अशा दिवसासाठी यादी हातानं बदलावी लागते. ती जबाबदारी मावसभावाकडे आहे आणि त्याच्या फोनवर दर शुक्रवारी त्याचा गजर वाजतो.

चालू कॅंडल वापरूच नये असं आमचं म्हणणं नाही. ज्याला ती हवी, त्याला आम्ही प्रत्येक दिवशी आठवड्याच्या सुरुवातीपासून त्या दिवसापर्यंतची कॅंडल बांधून देतो आणि बॅकटेस्टही तशाच कॅंडलवर करतो. रकान्याला वेगळं नाव ठेवतो, `wtd_close`. दोन्ही एकाच नावाखाली आल्या की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

त्या ग्राहकाला आम्ही सुधारलेला रिपोर्ट दिला. नफा बराच उतरला होता. त्यांनी नियम सोडला, आम्हाला नाही. अजूनही अधूनमधून त्यांचा बुधवारी दुपारी फोन येतो, "चार्टवर आठवडा हिरवा दिसतोय की हो, मग सिग्नल कुठंय?" आणि मी विचारतो, "साहेब, आज वार कुठला?"