‘उरले फक्त दोन दिवस’ म्हणजे नेमके कधी?

गेल्या वर्षी वाशीत झालेल्या लघुउद्योजकांच्या परिषदेआधी आम्ही रोज एक पोस्ट टाकत होतो. परिषद शनिवारी होती आणि गुरुवारच्या कॅप्शनची सुरुवात ‘उरले फक्त दोन दिवस!’ अशी होती. रबाळ्याच्या एका कारखानदारांना ती इन्स्टाग्रामवर शुक्रवारी रात्री दिसली. त्यांनी तिथून दोन दिवस मोजले, रविवारी सकाळी सभागृहापाशी आले आणि बंद दार पाहून परत गेले. त्यांचा फोन मीच घेतला होता, आणि चूक त्यांची नाही, माझ्या ओळीची आहे, हे मला तेव्हाच कळले.

यंदा सात कॅप्शनचा आराखडा करायला बसलो, तेव्हा पहिला नियम त्या फोनवरून ठरला. इन्स्टाग्रामच्या फीडमध्ये पोस्ट वेळेच्या क्रमानेच दिसतील याची खात्री नसते, म्हणून कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत वार, तारीख आणि ठिकाण द्यायचे. ‘अधिक’ दाबण्याआधी वाचकाला तेवढेच दिसते. उलटमोजणीचा आकडा स्टोरीत ठेवायचा, कारण स्टोरी चोवीस तासांनी आपोआप निघून जाते.

पहिला मसुदा मात्र फसला. संयोजन समितीच्या सचिव मॅडमनी सातही कॅप्शन सलग मोठ्याने वाचल्या आणि म्हणाल्या, “अहो, सातही दिवस तुम्ही एकच गोष्ट सांगताय, फक्त उद्गारचिन्हे वाढवताय.” मग आम्ही वाचकाला त्या-त्या दिवशी काय ठरवायचे असते, याचा विचार केला. आधीच्या शनिवारी त्याला दिवस मोकळा ठेवायचा असतो, म्हणून तिथे विषय आणि कोणी यावे, एवढेच आमंत्रणाच्या सुरात लिहिले. सोमवारी वक्त्यांच्या कामातला एक प्रसंग घेतला आणि तिथे नोंदणीचा आग्रह मुद्दाम टाळला. नोंदणी बुधवारी संध्याकाळी 6 वाजता बंद होणार होती. त्या दिवशी विशेषणे सगळी काढली आणि लिंक बायोमध्ये असल्याचे स्पष्ट लिहिले, कारण कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही.

सर्वांत जास्त वेळ शुक्रवारच्या कॅप्शनला गेला. मी लिहिले होते, ‘उद्या भेटूया, ठाण्याहून थेट लोकल आहे!’ मॅडम रोज ठाण्याहूनच येतात. त्यांनी ‘थेट’वर बोट ठेवले. ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल तुर्भ्यानंतर जुईनगरकडे वळते, वाशीला जातच नाही. शेवटी असे ठरले: ‘शनिवार, 17 तारीख, सकाळी 9:30, वाशी. ठाण्याहून येणाऱ्यांनी वाशी लोकल घ्यावी. पनवेल किंवा नेरूळ लोकलमध्ये बसल्यास तुर्भ्याला बदलावी. प्रवेशाचा क्यूआर कोड फोनमध्ये आधीच साठवून ठेवावा.’

‘उद्या’ हा शब्द मी स्वतः खोडला. ती पोस्ट कुणाला शनिवारी सकाळी लोकलमध्ये दिसली असती, तरी तिच्यातला एकही शब्द आता चुकीचा ठरणार नव्हता.