पासष्ट रुपयांची तफावत

2019 च्या पावसाळ्यातली गोष्ट. वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी पर्सोनेलला होतो. विजेच्या मीटरिंगसाठी लागणारे छोटे ट्रान्सफॉर्मर तिथे बनतात. युनियनशी नवा करार करायची वेळ आली होती आणि या खेपेस दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य होती. सगळ्यांना सरसकट वाढ देण्याआधी कुठल्या कामाची किंमत किती, ते एकदा नीट ठरवायचं. सात जणांची समिती झाली, चार व्यवस्थापनाचे आणि तीन युनियनचे. कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं.

सुरुवात क्रमवारीने केली, कारण ती सगळ्यांना लगेच समजते. बारा प्रातिनिधिक कामं निवडली. प्रत्येक जोडीत कुठलं काम वरचं, एवढंच सांगायचं. बारा कामांच्या जोड्या होतात सहासष्ट, म्हणजे एका दुपारचं काम. प्रत्येकाने आपापला तक्ता भरून दिला आणि संध्याकाळी मी बेरजा केल्या. यादी तयार झाल्यावर मी सहज शेजारी पगारपत्रक ठेवलं, आणि माझा हात थांबला. दोन्हींचा क्रम जवळपास एकच होता. सात माणसांनी वेगवेगळं बसून भरलेल्या तक्त्यातून आमचंच पगारपत्रक परत आलं होतं.

क्रमवारीची यादी अशी आली की मला आता आनंद होत नाही, शंका येते. कामाचा विचार करताना माणसाच्या डोळ्यांसमोर त्या कामाचा सध्याचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, येतो, आणि ज्याला जास्त मिळतं ते काम आपोआप वर जातं. शिवाय या पद्धतीत अंतर कळत नाही. तिसरं काम चौथ्यापेक्षा किती वरचं? केसभर की हातभर? यादी ते सांगत नाही, आणि रोज ठरवायला नेमकं तेच लागतं.

त्या यादीत वाइंडिंगचं काम दहावं होतं. वाइंडिंगला बावीस बायका, सगळ्या कायम, रोज 430 रुपये. खाली फक्त पॅकिंग आणि हेल्पर. कामाच्या वर्णनाच्या फाइलमध्ये त्या कामाबद्दल सुपरवायझरने एकच ओळ लिहिली होती: ‘मशीनवर कॉईल गुंडाळणे.’ फिटरच्या कामाचं वर्णन दीड पान होतं. ज्यावरून तुलना करायची तो कागदच असा लंगडा, मग तुलना तरी कशी सरळ येणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाइंडिंगमध्ये जाऊन बसलो. तिथे एक ताई आहेत, सगळे त्यांना बेन म्हणतात, पण त्या दांडिया बाजार या शहरातल्या मराठी वस्तीतल्या आणि मीही तिथलाच, म्हणून आम्ही मराठीत बोलतो. त्यांच्या मशीनवर 38 गेजची तार होती, म्हणजे साधारण 0.15 मिलिमीटर, जवळपास जाड केसाएवढी. तिच्यावर इनॅमलचा थर. एका कॉईलला हजारो वेढे. तार त्या अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीतून जाऊ देत होत्या. मी विचारलं, “ताण द्यायला मशीनला ब्रेक आहे ना? मग बोटं कशाला?”

“ब्रेक ताण देतो, भाऊ. थर कुठे खरवडलाय ते बोटाला कळतं,” त्या म्हणाल्या. “इथे सुटलं तर वार्निश करून भट्टीतनं आल्यावर टेस्टिंगला कळतं. मग अख्खी कॉईल भंगारात.”

मी दोन तास बसलो. एक थर पूर्ण झाला की इन्सुलेशनचा कागद गुंडाळायचा, त्याची कड वेढ्यांच्या बाहेर ठरावीक अंतर ठेवायची, मग उलट दिशेने पुढचा थर. मध्येच तार तुटली. सांधा करताना त्यांनी श्वास रोखून धरला होता. त्या दोन तासांत त्यांची नजर कॉईलवरून हलली असेल तर माझ्याशी बोलताना एक-दोनदा.

दुपारच्या बैठकीत घटक तुलना पद्धत घ्यायची होती. ही यूजीन बेंज यांची, 1926 साली फिलाडेल्फियाच्या एका वाहतूक कंपनीत आकाराला आलेली. आता फार कुणी वापरत नाही, कारण कामगारांना समजावून सांगायला अवघड आणि महागाईबरोबर तिचे रुपये शिळे होतात. पण तिच्या पोटात एक तपासणी आहे, म्हणून मी हट्टाने ती ठेवली होती. ज्या कामांचा रोज सगळ्यांना योग्य वाटतो अशी काही कामं आधी निवडायची. आम्ही पाच घेतली: फिटर 620, बॉयलर अटेंडंट 560, वाइंडिंग 430, पॅकिंग 400 आणि हेल्पर 380. मग एकेका घटकावर या पाचांचा क्रम लावायचा. घटकही पाच: एकाग्रता, कौशल्य, अंगमेहनत, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती. एका वेळी एकच घटक बघायचा, बाकी सगळं डोळ्यांआड. त्यानंतर प्रत्येक कामाचा रोज या पाच घटकांत वाटून टाकायचा आणि त्या रुपयांवरून पुन्हा क्रम काढायचा. दोन्ही क्रम जुळले तर निवडलेलं काम खरंच प्रमाण म्हणून चालतं. जुळले नाहीत तर कुठेतरी पाणी मुरतंय.

क्रम लावण्याआधी मी सगळ्यांना वाइंडिंगमध्ये घेऊन गेलो, दहा-पंधरा मिनिटंच. प्रॉडक्शन मॅनेजरनी ती तार बोटात धरून पाहिली आणि ती त्यांच्याकडून तुटली. कुणी हसलं नाही.

परत आल्यावर एकाग्रतेत वाइंडिंग पहिलं आलं, फिटरच्याही वर. कौशल्यात दुसरं, फिटरखाली आणि बॉयलरवाल्याच्या वर. बॉयलर अटेंडंटला सरकारी परीक्षेचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून इथे बराच वाद झाला. पण प्रमाणपत्राचा मोठा भाग जबाबदारीत मोजला जातोच, तोच पुन्हा कौशल्यात मोजला तर एक गोष्ट दोनदा तोलली जाते, हे युनियनच्या सेक्रेटरींनी स्वतःहून मांडलं. ते स्वतः बॉयलरवर होते. जबाबदारीत वाइंडिंग तिसरं. अंगमेहनतीत आणि परिस्थितीत शेवटचं.

मग रुपये वाटायला घेतले. बाकीच्या चार कामांचे रोज फारसा वाद न होता वाटले गेले. फिटरच्या एकाग्रतेला 120 आले होते, म्हणजे वाइंडिंगला त्याहून जास्त हवे, 125 धरले. कौशल्यात बॉयलरला 170, म्हणून वाइंडिंगला 180. जबाबदारीत पॅकिंगला 90, म्हणून 100. फळ्यावर बेरीज केली तर 405 झाली. रोज 430. उरले पंचवीस रुपये, आणि त्यात अंगमेहनत आणि परिस्थिती दोन्ही बसवायची होती.

खोलीत शांतता पसरली. कुणीतरी म्हणालं, बसून काम आहे, बसतील पंचवीसमध्ये. मी विचारलं, आठ तास मान वाकवून, डोळे ताणून बसायचं, याला बारा-तेरा रुपये? हेल्परच्या अंगमेहनतीला आपण 130 दिलेत. कमीत कमी द्यायचं म्हटलं तरी अंगमेहनतीचे 50 आणि परिस्थितीचे 40. बेरीज 495. तफावत पासष्ट रुपयांची.

फायनान्सच्या साहेबांनी नियमावर बोट ठेवलं. क्रम जुळत नाही ते काम प्रमाण म्हणून घ्यायचं नसतं, यादीतून काढून टाका. हे बरोबरच होतं, पुस्तकात तसंच सांगितलेलं असतं. बहुतेक ठिकाणी इथेच विषय संपतो: काम यादीतून जातं, दुसरं येतं, आकडे जुळतात. पण ते यादीतून जातं ते त्याचा रोज चुकीचा आहे म्हणून. काढून टाकलं की ती चूक दिसेनाशी होते, मिटत नाही. मी एवढंच म्हटलं की प्रमाण म्हणून काढू, पण का काढलं ते इतिवृत्तात लिहू. तसं लिहिलं गेलं.

1976 चा समान वेतनाचा कायदा तेव्हा लागू होता, पण तो सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाबद्दल बोलत होता. वाइंडिंगला पुरुष नव्हतेच, आणि फिटरचं काम निराळं. दोन वेगळ्या कामांची किंमत एका काट्यावर तोलायला दुसरं साधन नव्हतं, हेच होतं.

पुढे प्रत्यक्ष वेतनरचना आम्ही गुण पद्धतीने केली, कारण कारखान्यातली सगळी कामं मोजायला तीच सोयीची. प्रत्येक घटकाच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीचे गुण आणि त्या पायरीवर नेमकं काय लागतं त्याची व्याख्या. ‘कामाची परिस्थिती’च्या पहिल्या मसुद्यात उष्णता, धूळ आणि आवाज एवढंच होतं, त्यात डोळ्यांवरचा ताण आणि एकाच स्थितीत बसणं घातलं. वाइंडिंगला 312 गुण आले.

इथेही एक खड्डा होता. गुण आडव्या अक्षावर, रोज उभ्या अक्षावर, आणि बिंदूंमधून जाणारी वेतनरेषा. सगळी कामं धरून रेषा काढली तर कमी रोजाचे बिंदू तिला आपल्या बाजूला खाली ओढतात, आणि जुना अन्याय गणित म्हणून परत समोर येतो. म्हणून ज्यांच्या रोजाबद्दल वाद नाही एवढ्याच कामांवर रेषा काढली. 312 गुणांना ती 489 वर आली. घटक तुलनेचे 495 आणि हे 489. दोन वेगळ्या वाटांनी निघून इतक्या जवळ पोचलो तेव्हा फायनान्सचे साहेबही मऊ झाले.

सात श्रेणी केल्या, लागून असलेल्या श्रेण्या एकमेकींवर थोड्या चढणाऱ्या. त्यामुळे खालच्या श्रेणीतल्या जुन्या हाताला वरच्या श्रेणीतल्या नवख्यापेक्षा जास्त मिळू शकतं. वाइंडिंग चौथ्या श्रेणीत गेलं, तिची सुरुवात 485. वाढ पंचावन्न रुपये, दोन हप्त्यांत. बावीस जणींचा सव्वीस दिवसांचा हिशेब मी त्याच बैठकीत मांडला, महिन्याला 31,460 रुपये. भंगारात जाणाऱ्या कॉईलचा खर्च प्रॉडक्शन मॅनेजरनी स्वतः शेजारी लिहिला.

उलट बाजूही होती. कंपनीच्या गाडीच्या ड्रायव्हरचा रोज 590, आणि त्याच्या श्रेणीचं टोक 540. रोज कमी करायचा नाही, हे आम्ही पहिल्या दिवशीच कबूल केलं होतं. वरचे पन्नास ‘पर्सनल पे’ म्हणून वेगळे काढले, ते पुढच्या वाढींत जिरतील आणि त्या कामावर येणाऱ्या नव्या माणसाला मिळणार नाहीत. तो बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचं वाईट वाटणं मला पटत होतं, म्हणून मी त्याला गुणांचा तक्ता घेऊन दोनदा भेटलो.

वाइंडिंगचं नवं वर्णन सही करायच्या आधी मी ताईंना वाचून दाखवलं. पाऊण पान झालं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “कागदाच्या कडेचं राहिलं की.” ते घातलं.

आठवड्याने पॅकिंगच्या तिघीजणी आल्या. त्यांच्या कामाचे दोन्ही क्रम जुळले होते, 400 वर काही हललं नव्हतं. मी तक्ता उघडून समजावायला लागलो, तर त्यांतली एक म्हणाली, “साहेब, तिकडे तुम्ही दोन तास बसला होतात. आमच्याकडे कधी आलात?”

त्यांच्या फाइलमध्येही एकच ओळ होती. सोमवारी सकाळी मी पॅकिंगला गेलो.