३८ मुलं आणि ४३ हात

संच हे प्रकरण आपल्याकडे पुस्तकात नववीला येतं. पण शिष्यवृत्ती परीक्षा आठवीला होती तेव्हा तिच्या बुद्धिमत्ता चाचणीत वर्तुळांच्या आकृत्या विचारायचे, म्हणून मी तो भाग आठवीतच घ्यायचे. त्या दिवशी वर्गात ३८ मुलं हजर होती. व्याख्या सांगायच्या आधी मी नुसते हात वर करायला लावले. क्रिकेट खेळायला कुणाकुणाला आवडतं? २२ हात. चित्रं काढायला? १५. आणि यातलं काहीच नाही असे कोण? ६. तिन्ही आकडे फळ्यावर मांडले आणि बेरीज करायला सांगितली. ४३ आली.

एकच गलका झाला. "बाई, कुणीतरी उगाच हात वर केला!" मागच्या बाकावरून एकाने तर नावंही घ्यायला सुरुवात केली. हा गोंधळ मला हवाच होता. फळ्यावर थेट दोन वर्तुळं काढून दिली, की मुलं ती वहीत उतरवून घेतात. वर्तुळं एकमेकांत का घुसली आहेत हे विचारत नाहीत.

सगळ्यांना पटांगणात नेलं आणि सुतळीची दोन मोठी वर्तुळं एकमेकांपासून लांब अंथरली. एक क्रिकेटचं, एक चित्रकलेचं. आपापल्या वर्तुळात जा म्हटल्यावर बहुतेक जण धावत गेले आणि पाच जण मधेच थबकले. एक मुलगी क्रिकेटच्या वर्तुळात गेली, लगेच बाहेर आली आणि म्हणाली, "बाई, मी दोन्हीकडे आहे, उभी कुठे राहू?" मी काही बोलले नाही. तिनेच वाकून एक सुतळी ओढली, दुसऱ्या वर्तुळावर चढवली आणि मधे तयार झालेल्या जागेत जाऊन उभी राहिली. बाकीचे चौघे तिच्या मागोमाग आले. सहा जण दोन्ही वर्तुळांच्या बाहेर होते. ते निघून जायला लागले तेव्हा त्यांना थांबवलं आणि सगळ्यांभोवती फक्कीने मोठा आयत आखला. वर्ग म्हणजे हा आयत. बाहेरचे सहाही वर्गातलेच. हाच पुढे विश्वसंच होतो.

मग जागच्या जागी मोजलं. फक्त क्रिकेट १७, दोन्ही ५, फक्त चित्रकला १०, बाहेर ६. बेरीज ३८. जास्तीचे पाच हात कुणाचे होते ते आता समोर दिसत होतं. खोटं कुणीच बोललं नव्हतं, पाच जण दोनदा मोजले गेले होते. २२ + १५ − ५ = ३२ हे सूत्र मुलांनी स्वतःच सांगितलं. मधल्या जागेला छेद संच आणि दोन्ही वर्तुळं मिळून संयोग संच, ही नावं मी त्यानंतर दिली.

वर्गात परतल्यावर आकृती वहीत काढायला सांगितली, तेव्हा खरी अडचण दिसली. अर्ध्याअधिक वह्यांत डाव्या भागात २२, मधे ५ आणि उजव्या भागात १५ लिहिलेलं. ही चूक दरवर्षी होते. '२२ जणांना क्रिकेट आवडतं' हे मुलं '२२ जणांना फक्त क्रिकेट आवडतं' असं वाचतात. मी लाल पेन उचललं नाही. आकृतीतले चारही आकडे मिळवून बघा, एवढंच म्हटलं. ४८ आले आणि खोडरबर निघाले. तेव्हापासून नियम केला आहे: आधी मधला आकडा भरायचा, मग त्यातून बाहेर यायचं आणि शेवटी सगळ्या भागांची बेरीज वर्गाशी ताडून बघायची. तीन वर्तुळांत हा नियम मोडला तर गणित सुटतच नाही.

तास संपत आला असताना एरवी गप्प असणाऱ्या एकाने विचारलं, "बाई, बाहेरचे सहा जण मोजलेच नसते, तर मधले पाच काढता आले असते का?"

फार चांगला प्रश्न होता. उत्तर नाही असं आहे, पण तेवढ्यावर सोडवेना. मधे कमीत कमी किती असू शकतील? २२ आणि १५ मिळून ३७ होतात आणि वर्ग ३८ चा, म्हणजे मधे एकही मूल नसलं तरी चालेल. मग बाहेर फक्त एक उरेल. जास्तीत जास्त? चित्रं काढणारे सगळेच क्रिकेटवाले निघाले तर १५, आणि मग बाहेर १६. म्हणजे ० पासून १५ पर्यंत कुठलाही आकडा बसतो. मधला आणि बाहेरचा, यांपैकी एक कळल्याशिवाय दुसरा ठरत नाही.

मग मी एक आकडा बदलला. चित्रं काढणारे १५ ऐवजी २० असते तर? वर्गात कुजबुज झाली. सुतळी ओढणारी मुलगी उठून म्हणाली, "मग ४२ होतात बाई. निदान चार जण तरी मधे यायलाच पाहिजेत, नाहीतर वर्गात मावणारच नाहीत." तिला फळ्यावर बोलावून तेवढीच आकृती काढून घेतली: १८, ४, १६ आणि बाहेर शून्य.