पिवळा दिवा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत दादाचं छोटं वर्कशॉप आहे. प्रोग्रामवर चालणाऱ्या दोन सीएनसी लेथ, एक रेडियल ड्रिल आणि सात माणसं. हिशेब आणि प्लॅनिंग माझ्याकडे. घटस्थापनेच्या आठवडाभर आधी दादाने एका व्हॉल्व्ह कंपनीची ४००० फ्लँजची, म्हणजे पाइप जोडायच्या भोकं असलेल्या चकत्यांची, ऑर्डर फोनवरच घेतली. मुदत कामाचे २४ दिवस, म्हणजे दिवाळीच्या जरा आधी.

दादाने वहीत हिशेब मांडला होता आणि तो चुकीचा नव्हता. एका फ्लँजला सीएनसीवर ६ मिनिटं, म्हणजे ४०० मशीन-तास. दोन मशीन, दोन शिफ्ट, २४ दिवस धरले तर ७६८ तास. टूल बदलणं, सेटिंग, वीज जाणं यापोटी चौथाई काढली की ५७६. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे १५० वजा केले तरी ४२६ उरत होते. "सव्वीस तास हातात आहेत," दादा म्हणाला. आमच्या धंद्यात कोटेशनच मशीन-अवरच्या भावाने जातं, म्हणून डोक्यात तासही तेच बसलेले असतात.

मी शेजारच्या पानावर माणसांचे तास मांडले. सीएनसीवर एक ऑपरेटर दोन मशीन सांभाळतो, म्हणून तिथे ४०० मशीन-तासांना माणसाचे २०० तासच लागतात. इथवर बरं वाटतं. पण फ्लँज लेथवरून उतरल्यावर ड्रिलिंग, टॅपिंग, कडेला राहिलेली धातूची धारदार बर कानशीने काढणं, गेज लावून माप तपासणं, तेल लावून पॅक करणं, हे सगळं हाताचं काम. स्टॉपवॉच घेऊन मोजलं तर नगाला १३ मिनिटं. म्हणजे आणखी ८६७ तास. एकूण १०६७. आठ तासांच्या शिफ्टमध्ये चहा, झाडलोट, माल शोधणं जाऊन खरे साडेसहा तास मिळतात. सात माणसांचे ते १०९२ होतात, पण त्यातले ३०० जुन्या कामांना बांधलेले. २७५ तास कमी पडत होते.

दादाला वही दाखवली तर तो म्हणाला, "मग तिसरी सीएनसी घेऊ, बँक देईल." मी म्हटलं, दादा, तिसरी मशीन आली की बर काढायच्या टेबलावरचा ढीग फक्त लवकर वाढेल.

तोडगा प्रोग्राममध्ये निघाला. बर सगळ्यात जास्त मधल्या भोकाच्या कडेला येत होती. आमचे जुने ऑपरेटर काका म्हणाले, लेथवरच कडेला बारीक उतार, म्हणजे चॅम्फर, मारू. नगामागे मशीनची सायकल २० सेकंदांनी वाढली, म्हणजे २२ मशीन-तास गेले. पण कानशीचं काम ४ मिनिटांवरून दीडवर आलं. ऑपरेटरचे वाढलेले तास धरूनही माणसांचे १५६ तास सुटले. सव्वीसातले चारच मशीन-तास शिल्लक राहिले. दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

उरलेल्या ११९ तासांसाठी मी जास्तच हुशारी केली. सहा-साडेसहा मिनिटांच्या सायकलमध्ये दोन्ही मशीनवर नग चढवायला-उतरवायला ऑपरेटरची दोनच मिनिटं जातात. मग गेजचं काम त्यालाच द्यायचं: नगाला दीड मिनिट, दोन नगांना तीन. कागदावर १०० तास वाचले आणि उरलेल्या एकोणीस तासांना एक रविवार पुरला असता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी शेडमध्ये गेले तर एका मशीनवरचा पिवळा दिवा लागलेला. सायकल संपली की तो लागतो. मी उभी राहून मोजलं: तीन मिनिटं मशीन माणसाची वाट पाहत होतं. काका दुसऱ्या मशीनचं झिजलेलं इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, बदलत होते आणि शेजारी गेज न लावलेल्या फ्लँजची रांग लागली होती. सहातली पाच मिनिटं भरलेल्या माणसाला इन्सर्ट बदलायला, चिप्स ओढायला वेळ कुठून येणार? चारच तास शिल्लक असलेल्या मशीनवर असे दिवे रोज लागत होते. त्यात नवरात्र सुरू झालं. सेकंड शिफ्टच्या पोरांना गरब्याला जायचंच असतं. बडोद्यात त्यांना थांबवून दाखवा! नऊची सुट्टी आठवर आली.

गेज मी काकांकडून काढून घेतलं आणि शंभर तास पुन्हा वहीत लिहिले. दादाने कंपनीच्या परचेस ऑफिसला फोन लावला. माल दोन टप्प्यांत घ्याल का, एवढंच विचारलं. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, दिवाळीआधी आमच्या असेंब्लीला २००० च लागणार आहेत. सगळा माल एकदम हवा असं तुम्हाला कोण म्हणालं?"

दादाने फोन ठेवला आणि मला वही बंद करायला सांगितलं. मी केली नाही; दुसऱ्या टप्प्याच्या तारखा मांडायच्या होत्या.