कपाटातली चहापत्ती

डिसेंबरात महाबळेश्वरला निघताना कपाटातलं काळं जॅकेट काढलं, तर खालच्या पांढऱ्या टॉवेलवर चहापत्ती सांडल्यासारखे काळे कण. कॉलर झडलेली, काखेत पोपडे. जेमतेम चार वेळा घातलेलं जॅकेट! वापरून फाटलं असतं तर एवढं लागलं नसतं.

ठाणे स्टेशनजवळ बॅगा शिवणाऱ्या काकांनी एक पोपडा नखाने उचलला. खालून मऊ विणलेलं कापड निघालं. "ताई, हे पीयू. एकीकडे चिकटवलं की दुसरीकडे सुटणार. सोडून द्या."

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. कापडावर त्याचा पातळ थर आणि त्यावर चामड्याचा ठसा, एवढंच ते 'लेदर'. स्वस्त मालात हा थर बहुधा पॉलिएस्टर जातीचा असतो आणि त्यातल्या एस्टर बंधांचं पाण्याशी हाडवैर. हवेतला दमटपणा आत मुरतो, बंध तुटतात, तुटताना आम्ल तयार होतं आणि ते उरलेले बंध आणखी भराभर तोडतं. घाम आणि केसांचं तेल या कामाला हातभार लावतात, म्हणून आधी कॉलर जाते. पण मुळात त्याला कोणी घालायचीही गरज नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटात ते आपलं आपण झिजतं. शिवाय ही झीज कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसापासून सुरू होते. मी सेलमध्ये घेतलं तेव्हा ते गोदामात किती पावसाळे काढून आलं होतं, कोण जाणे!

सगळंच पीयू असं नसतं. पॉलिइथर जातीचं पाण्याला बरंच दाद देत नाही, उन्हाला मात्र कच्चं. पॉलिकार्बोनेट जातीचं दोन्हीला पुरून उरतं, पण महाग, म्हणून ते गाड्यांच्या सीटवर आणि चांगल्या सोफ्यांवर जातं. त्याची परीक्षाही झकास असते: 70 अंश उष्णता आणि 95 टक्के आर्द्रता असलेल्या पेटीत तुकडा आठवडेच्या आठवडे कोंडून ठेवतात. तिला 'जंगल टेस्ट' म्हणतात. पेटीतला एक आठवडा म्हणजे ढोबळमानाने बाहेरचं एक वर्ष. सोफेवाल्याला "किती आठवड्यांचं?" एवढं विचारता येतं. जॅकेटच्या लेबलावर मात्र नुसतं 'पीयू', जात गुलदस्त्यात.

"मग नवी बॅग घ्यायचीय, ती कशाची घेऊ?" मी काकांना विचारलं.

"रेक्झीन," काका म्हणाले.

म्हणजे पीव्हीसी, स्कूटरच्या सीटचं. हाताला जाड, गार, नवं असताना वासाचं. पाण्याने त्याचे असे पोपडे सुटत नाहीत. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातं, मग ते कडक होऊन घडीवर चिरतं. बाबांची ऑफिसची बॅग माळ्यावर वीस वर्षं पडून आहे. कोपरे चिरलेत, साल एकही निघालेली नाही. दिसायला कुरूप, हे मान्य.

मी रेक्झीनची बॅग घेतली. जॅकेट अजून खुर्चीवर आहे, कारण लेकीला अभ्यासाला बसलं की त्याचे पोपडे सोलायला आवडतात. एक बाही पूर्ण झाली आहे.