आजी म्हणाल्या, दिवाळीत आली

फेब्रुवारी 2024 मध्ये नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीची ऑफर आली आणि मागोमाग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा फॉर्म. शिक्षण, जुनी नोकरी हे भरताना मी दहादा तपासलं. पत्त्याचा रकाना दोन मिनिटांत उरकला, आणि अडकले नेमकी तिथेच.

मानेवाडा-बेसा रोडला एका लेआऊटमध्ये पहिल्या मजल्यावर मी भाड्याने राहते. खाली घरमालकीण आजी. फॉर्ममध्ये मी लिहिलं: सध्याचा पत्ता, भाड्याचं घर, जून 2022 पासून. कायमचा पत्ता महालातला, आईबाबांचा. आधार कार्डावरही तोच आहे, म्हणून सध्याच्या पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार जोडला.

हे काम कंपनी स्वतः करत नाही. ती एका व्हेरिफिकेशन एजन्सीला देते, आणि एजन्सी त्या भागात फिरणाऱ्या माणसाला केस पाठवते. एकेका दिवसात त्याला अशी बरीच घरं करायची असतात. त्यामुळे तो वेळ ठरवून येईलच असं नाही. माझ्याकडे मंगळवारी दुपारी साडेबाराला आला. मी जुन्या ऑफिसात होते, नोटीस पिरियड सुरू होता. त्याने फोन केला, "मॅडम, तुमच्या ॲड्रेसवर आलो, व्हेरिफिकेशन करून राहिलो. घरी कोणी आहे का?" मी म्हटलं, खाली आजी आहेत, त्यांना विचारा. आज वाटतं, तेव्हा आजींना आधी एक फोन करायला हवा होता.

पुढचं आजींनी संध्याकाळी सांगितलं. आधी त्या घाबरल्याच. घरमालक भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देतो, ते हेच असावं असा त्यांचा समज. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. पोराने गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं आणि मोबाइलवर माझं नाव दाखवलं, तेव्हा त्यांनी गेट उघडलं. "चहा घे म्हटलं तर नाही म्हणाला जी, पायरीवरूनच फोटो काढत होता."

घराच्या आत तो येत नाही, कारण आतलं त्याला काही नोंदवायचंच नसतं. फ्रिज कोणता, गाडी कोणती, घरात किती माणसं कमावती, हे प्रश्न कर्जासाठी बँकेचा माणूस येतो तेव्हाचे. नोकरीच्या पडताळणीत मुद्दे मोजकेच. दिलेला पत्ता खरंच आहे का, या नावाची व्यक्ती तिथे राहते का, कधीपासून, आणि घर स्वतःचं की भाड्याचं. उत्तर देणाऱ्याचं नाव, माझ्याशी नातं आणि फोन नंबर तो लिहून घेतो. मग फोटो: प्लॉट नंबर असलेलं गेट, घराचा दर्शनी भाग आणि जवळची एखादी ओळखीची खूण. आमच्याकडे कोपऱ्यावरचं हनुमान मंदिर. फोटोवर तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश आपोआप उमटतात. प्रत्यक्ष न येता घरबसल्या फॉर्म भरला तर ते तिथे पकडलं जातं. शेवटी मोबाइलच्या स्क्रीनवर बोटाने सही. आजींची सही म्हणजे दोन वाकड्या रेघा, पण चालली.

त्याने आजींकडे ओळखपत्रही मागितलं. हे बरेचदा मागतात. आजींनी आधार कार्ड दाखवलं, त्याने फोटो काढून घेतला. मला ते पटलं नाही. मालकाचं ओळखपत्र मागितलं तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार दाखवता येतं. पैसे मात्र त्याने मागितले नाहीत. पडताळणीच्या नावाखाली कोणी पैसे किंवा ओटीपी मागितला, तर सरळ एचआरला फोन करावा.

सगळं झालं असं धरून मी मोकळी झाले. सहाव्या दिवशी एचआरचा मेल: Discrepancy - Period of stay.

मी आजींना विचारलं, "आजी, मी कधीपासून राहते म्हणून सांगितलं तुम्ही?"

"दिवाळीच्या टाइमले आली ना तू. मागच्याच्या मागच्या दिवाळीले."

मग लक्षात आलं. मी आले 15 जून 2022 ला, पण आजी तेव्हा पुण्याला मुलाकडे होत्या. चावी त्यांच्या पुतण्याने दिली होती. आजी परतल्या दिवाळीत आणि मला पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. त्यांच्या दृष्टीने मी दिवाळीतच आले. एजंटने "ऑक्टोबर 2022" असं लिहिलं. त्यात त्याची चूक नाही. खरं-खोटं ठरवणं त्याचं काम नसतं. समोरचा जे सांगेल ते तो जसंच्या तसं नोंदवतो, आणि फॉर्मशी ताळा एजन्सीच्या ऑफिसात बसलेला माणूस करतो.

त्यात माझ्या कागदांनी भर घातली. भाडेकरार सहसा अकरा महिन्यांचा असतो. मी जोडला होता तो दुसरा, नूतनीकरणाचा, 15 मे 2023 पासूनचा. म्हणजे फॉर्म म्हणतो जून 2022, आजी म्हणतात ऑक्टोबर 2022, करार म्हणतो मे 2023. एकाच घराच्या तीन तारखा! समोरच्याने प्रश्नचिन्ह लावलं नसतं तरच नवल.

एचआरच्या मॅडमने फोनवर समजावलं की घाबरायचं कारण नाही, पत्ता आणि व्यक्ती दोन्ही जुळलेत, फक्त कालावधी जुळत नाही. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या: पहिला करार आणि त्या काळातला माझ्या नावाचा आणखी एखादा कागद. वीजबिल उपयोगाचं नव्हतं, महावितरणचं मीटर आजींच्या नावावर. शेवटी जुलै 2022 चं ब्रॉडबँडचं बिल सापडलं, त्यावर माझं नाव आणि हाच पत्ता.

पुन्हा माणूस पाठवण्याऐवजी एजन्सीने या वेळी मोबाइलवर लिंक पाठवली. लिंक उघडली की लोकेशनची परवानगी मागते, मग सेल्फी, दाराचा फोटो आणि कागद अपलोड. ऑफिसातून उघडायची नाही, कारण त्या क्षणी तुम्ही जिथे उभे असाल तीच जागा नोंदली जाते. मी संध्याकाळी घरी येऊन उघडली तरी "लोकेशन जुळत नाही" म्हणून अडली. फॉर्ममध्ये मी फक्त प्लॉट नंबर, लेआऊटचं नाव आणि मानेवाडा लिहिलं होतं. आमच्याकडे प्लॉटचे नंबर ओळीने येतीलच असं नाही, 40 च्या शेजारी 57 असू शकतो. त्यामुळे नकाशाने खूण मुख्य रस्त्यावर टाकली होती. एजन्सीच्या नंबरवर फोन केला. तिथल्या मुलाने पत्त्यात मंदिराचं नाव आणि गल्लीची दिशा वाढवून घेतली, नकाशावरची खूण सरकवली आणि नवी लिंक पाठवली. या खेपेला गॅलरीत उभं राहून भरली, घरात जीपीएस उगाच इकडेतिकडे पळतो.

महालातलं मात्र दहा मिनिटांत झालं होतं. बाबा घरीच होते. "मुलगी इथे राहते का?" या प्रश्नाला त्यांनी "राहते बेस्याकडे, शनिवार-रविवार येते" असं खरं ते सांगितलं. कायमच्या पत्त्याला तेवढं पुरतं, तिथे रोज राहत असायलाच हवं असं नाही.

चार दिवसांनी मेल आला, Clear. मॅडमला विचारलं, पहिला शेरा पुसला का? म्हणाल्या, नाही, तो फाइलमध्ये राहतो, त्याच्या खाली दुसरा जोडतात. आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पण तू दिवाळीलेच आली होती."